हुकूम, हात आणि गुण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गणपतीचं जागरण असो की लग्नाच्या आदल्या रात्रीची बैठक, पत्त्यांचा कॅट निघतोच. त्यानंतरचे दोन दिवस फोनवर तेच ते प्रश्न येत राहतात. त्यांतले जे पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. हात कोणाचा हा प्रश्न जवळजवळ सगळ्या खेळांत एकाच रीतीनं सुटतो, पण हात मोजायची रीत खेळागणिक बदलते. भांडणं होतात ती बहुतेक या दोन गोष्टी एकमेकांत मिसळल्यामुळे.

उदाहरणांत सगळीकडे चौघेच आहेत : आप्पा आणि अक्का एकमेकांचे भिडू, मामा आणि काकू एकमेकांचे. पाळी आप्पा, मामा, अक्का, काकू अशी फिरते.

१. हुकूम म्हणजे नक्की काय? एक्का असून माझा हात दुर्रीनं कसा नेला?

चार रंगांपैकी एक रंग त्या डावापुरता इतर तिघांच्या वर चढवलेला असतो, तो हुकूम. हुकमाची दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते. हुकमाच्या रंगात मात्र नेहमीचीच उतरंड असते : एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि मग खाली दुर्रीपर्यंत.

पण हुकमामुळे रंग देण्याची सक्ती सुटत नाही. ज्या रंगाची उतारी झाली त्याचं पान हातात असेल तर तेच टाकावं लागतं. हुकूम मारायची मुभा मिळते ती तो रंग तुमच्याकडे संपल्यावरच. म्हणजे दुर्रीनं तुमचा एक्का नेला तो तिच्या ताकदीवर कमी आणि तिच्या मालकाकडे तुमचा रंग नव्हता म्हणून जास्त. तुमच्या हातात एखाद्या रंगाची सहा-सात पानं आली, तर त्या रंगाचा एक्का कापला जायची भीती जास्त असते, कारण उरलेल्या तिघांकडे तो रंग थोडाच उरलेला असतो. हातात दोन-तीनच पानं असलेल्या रंगाचा एक्का त्या मानानं सुखरूप निघतो, तोही लवकर खेळला तर.

२. चार पानं पडल्यावर हात कोणाचा हे झटकन कसं ओळखायचं?

आधी बघा, चारांत हुकूम आहे का. असेल तर सगळ्यात मोठा हुकूम जिंकला, बाकी पानांकडे बघायचंच नाही. नसेल तर उतारीच्या रंगातलं सगळ्यात मोठं पान जिंकलं. तिसऱ्याच रंगाचं पान कितीही मोठं असलं तरी ते फेकलेलं पान, त्याला काही किंमत नाही.

समजा हुकूम किलवर आहे. आप्पांनी बदाम राजाची उतारी केली, मामांनी बदाम चव्वी दिली. अक्कांकडे बदाम नाही, त्यांनी चौकट एक्का टाकला. काकूंकडेही बदाम नाही, त्यांनी किलवर दुर्री मारली. हात काकूंचा. चौकट एक्का त्या चार पानांत दिसायला सगळ्यात दांडगा, पण तो ना हुकमाचा ना उतारीच्या रंगाचा.

आता एवढंच बदला की अक्कांनी चौकट एक्क्याऐवजी किलवर पंजी टाकली. मग काकूंची दुर्री हुकूम असूनही वाया जाते आणि हात अक्कांचा होतो. काकूंनी पंजीवर सत्ती मारली असती तर मात्र हात पुन्हा काकूंचाच. नवख्यांनी कॅट घेऊन ही तीन रूपं एकदा मांडून बघावीत, नुसतं ऐकून हे डोक्यात राहत नाही.

३. रंग नसेल तर हुकूम मारायलाच लागतो का?

व्हिस्ट, ब्रिज, मेंढीकोट, पाच-तीन-दोन, जजमेंट यांच्या नेहमीच्या नियमांत तशी सक्ती नाही. रंग संपला की हुकूम मारा नाहीतर कुठलंही पान फेका. हुकूम मारलाच पाहिजे, शिवाय आधीच्या हुकमापेक्षा वरचा मारला पाहिजे, असे नियम असलेले खेळही आहेत, आणि काही घरांनी ते इथल्या खेळांतही ओढून आणले आहेत. बंद हुकमाची गोष्ट थोडी वेगळी आहे, तिच्यासाठी प्रश्न १३ पाहा.

४. भिडूचा राजा वर असताना मी हुकूम मारला म्हणून शिव्या खाल्ल्या. खरंच चुकलं का?

प्रत्येक वेळी नाही. "भिडूवर हुकूम मारू नये" हा सल्ला अर्धाच आहे.

प्रश्न २ मधल्याच हातात अक्कांच्या जागी बसा. आप्पांचा बदाम राजा वर आहे, तुमच्याकडे बदाम नाही आणि तुमच्या मागे काकू खेळायच्या आहेत. बदाम एक्का आधीच्या हातात पडून गेला असेल तर राजा हेच आता सगळ्यात मोठं बदाम. तेव्हा काकूंकडे बदाम असेल तर राजाला धोका नाही, तुम्ही एखादं निरुपयोगी पान फेकावं. शक्यतो अशा रंगाचं, जो तुमच्याकडे एक-दोन पानांवर आलाय, म्हणजे तोही लवकर तुटेल आणि पुढे कापायला मिळेल.

एक्का अजून बाहेर असेल तर हिशेब फिरतो. आप्पांनी राजाची उतारी केली म्हणजे एक्का त्यांच्याकडे असेल असं समजू नका, जुने खेळगडी मात्र त्या उतारीतून तो इशारा देतात. मामांनी चव्वी दिली म्हणजे त्यांच्याकडे एक्का नाही, किंवा त्यांनी तो दाबून ठेवलाय. काकूंकडे तो असण्याची शक्यता खरी आहे, आणि तुम्ही हुकूम मारला नाही तर राजा गेला. अशा वेळी छोटा हुकूम मारणं हा सरळ विचारपूर्वक खेळ आहे. भिडू रागावला तर त्याला विचारा, एक्का पडला होता का? बहुतेकांना ते आठवत नाही.

५. हुकमाचीच उतारी करून हुकूम ओढावा की राखून ठेवावा?

हुकमाची उतारी झाली की तो साध्या रंगासारखा खेळला जातो : ज्याच्याकडे आहे त्यानं द्यायचा, मोठा जिंकला. तुमच्याकडे इतर रंगांची मोठी पानं असतील आणि ती कापली जाऊ नयेत असं वाटत असेल तर हुकूम ओढावा. तुमची पानं हलकी असतील आणि एखादा रंग तुटलेला असेल तर तेच हुकूम कापायला ठेवावेत.

ओढायला घेतलात तर मोजायला हवं. हुकूम एकूण १३. समजा तुमच्याकडे पाच आहेत, त्यांत एक्का, राजा, राणी. पहिल्या फेरीत चौघांनी हुकूम दिला, ४ गेले. दुसऱ्या फेरीतही चौघांनी दिला, ८ गेले. तिसऱ्या फेरीत मामांनी इस्पिक फेकलं, म्हणजे तिघांचेच पडले, एकूण ११. तुमच्या हातात दोन उरले आहेत. ११ आणि २ मिळून १३ झाले. बाहेर एकही हुकूम नाही, आता तुमचे बाकीचे एक्के निर्धास्त खेळा. इथं थांबायला विसरून चौथ्यांदा हुकूम ओढणारे खूप आहेत. तेव्हा पडतो तो फक्त स्वतःचा आणि वर भिडूकडून चांगलं पान फेकवून घेतलं जातं.

तीन फेऱ्यांत काम होईलच असं नाही. तुम्हा दोघा भिडूंकडे मिळून आठ हुकूम असतील तर समोरच्यांचे पाच. ते तीन-दोन असे वाटले जाण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के, चार-एक असे २८ टक्के आणि पाचही एकाकडे असण्याची जेमतेम ४ टक्के. आणि मोजताना मधे कुणी कापायला वापरलेले हुकूमही धरा, घोळ तिथेच होतो.

६. हुकूम कोणता हे ठरवतं कोण?

जुन्या इंग्लिश व्हिस्टमध्ये वाटणारा स्वतःचं शेवटचं पान उलटं करतो, त्याचा रंग हुकूम. ते पान पहिल्या हातात त्याची पाळी येईपर्यंत सगळ्यांना दिसेल असं ठेवतात, मग तो हातात घेतो. पाच-तीन-दोनमध्ये ज्याला पाच हात करायचे असतात तो पहिली पाच पानं बघून हुकूम सांगतो.

मेंढीकोटात दोन रीती चालतात. कट हुकमात सुरुवातीला हुकूमच नसतो. ज्याच्याकडे उतारीचा रंग पहिल्यांदा संपतो, त्यानं टाकलेल्या पानाचा रंग तिथून पुढे हुकूम. बंद हुकमात एक जण आपल्यातलं एक पान पालथं ठेवतो आणि कुणाचा तरी रंग तुटल्यावर ते उघडलं जातं.

७. कट हुकमात ज्यानं हुकूम केला, तो हात त्याचाच असतो ना?

नाही. हुकूम केला म्हणून हात मिळत नाही.

आप्पांनी बदाम नव्वी उतरली. मामांकडे बदाम नाही, त्यांनी इस्पिक चव्वी टाकली : इस्पिक हुकूम झाला आणि या घडीला हात मामांचा. अक्कांनी बदाम राजा दिला, त्याला आता काही किंमत नाही. काकूंकडेही बदाम नाही. त्यांनी इस्पिक सत्ती टाकली तर हात काकूंचा, पण त्या मामांच्याच भिडू असल्यामुळे हुकूम वाया घालवला एवढंच. काकूंच्या जागी विरुद्ध बाजूचा गडी असता आणि त्यानं सत्ती टाकली असती, तर हुकूम एकानं केला आणि हात दुसऱ्यानं नेला असं झालं असतं. त्यामुळे कट करताना हातात सगळ्यात जास्त पानं असलेल्या रंगाचं पान टाकावं. नुसता हात मिळवायच्या नादात एकुलत्या पानानं हुकूम करू नये.

८. व्हिस्टमध्ये आम्ही आठ हात केले, मग दोनच गुण का?

कारण पहिले सहा हात मोजतच नाहीत. सातव्या हातापासून प्रत्येकाला एक गुण. हात १३ असल्यामुळे दोन्ही बाजू एकाच वेळी सहाच्या वर जाऊ शकत नाहीत आणि बरोबरीही होत नाही. एका डावात गुण एकाच बाजूला मिळतात.

पाच गुणांचा गेम धरून हिशेब असा : पहिल्या डावात आप्पा-अक्कांचे ८ हात, २ गुण. दुसऱ्या डावात मामा-काकूंचे १० हात, ४ गुण. तिसऱ्यात आप्पा-अक्कांचे ९ हात, ३ गुण. एकूण ५ विरुद्ध ४, गेम आप्पा-अक्कांचा. या तीन डावांत आप्पा-अक्कांचे एकूण २० हात (८+३+९) आणि मामा-काकूंचे १९ (५+१०+४). नुसते हात मोजणाऱ्याला गेम इतका अटीतटीचा का झाला ते तिथेच कळेल.

जुन्या पद्धतीत हुकमाचा एक्का, राजा, राणी, गुलाम या चौघांना मान असे. चारही एका बाजूला आले तर ४ गुण वाढीव, तीन आले तर २. एडमंड हॉइलनं व्हिस्टवरचं पुस्तक १७४२ मध्ये काढलं, तेव्हाचा गेम दहा गुणांचा होता. पाचाचा छोटा गेम नंतर रुळला. हे मान वाटपाच्या नशिबावर अवलंबून असल्यानं ते न धरताच खेळावं असं माझं मत आहे.

९. मेंढीकोटात आठ हात करूनही आम्ही हरलो असं म्हणतात. हे कसं?

मेंढीकोटात हात दुय्यम, दश्श्या मुख्य. चारपैकी तीन किंवा चार दश्श्या ज्यांच्याकडे गेल्या ते जिंकले. दोन-दोन झाल्या तरच हात मोजतात, तेव्हा सात किंवा जास्त हातवाले जिंकतात. चारही दश्श्या नेल्या तर मेंढीकोट, आणि तेराच्या तेरा हात नेले तर त्याहूनही मोठी नामुष्की.

म्हणजे एकाच डावात आप्पा-अक्कांनी ८ हात केले, पण त्यांत एकच दश्शी आली. मामा-काकूंच्या ५ हातांत तीन आल्या. व्हिस्टच्या हिशेबानं आप्पा-अक्कांना २ गुण, मेंढीकोटाच्या हिशेबानं डाव मामा-काकूंचा.

दश्शी मोजताना मोठी असली तरी खेळताना ती दश्शीच. गुलामाखालीच तिची जागा. तिनं हात जिंकायला ती त्या हातात मोठी ठरली पाहिजे, नाहीतर ती दुसऱ्याच्या हातात वाहून जाते. बहुतेक दश्श्या अशाच जातात : आप्पांनी चौकट एक्का उतरला, मामांनी दुर्री दिली, अक्कांनी खुशीत चौकट दश्शी टाकली की एक्का आपलाच आहे, आणि काकूंकडे चौकट नव्हतं. तिर्रीच्या हुकमानं एक्का आणि दश्शी दोन्ही गेले. काकूंचा चौकट तुटलेला आहे याचा अंदाज आधीच्या हातात आला असेल तर दश्शी धरून ठेवा, हात भिडूचा असला तरी.

१०. पाच-तीन-दोनमध्ये गुण लिहीतच नाहीत, मग हिशेब कुठे राहतो?

तो पुढच्या डावाच्या पानांत राहतो. तिघे खेळतात, ३० पानं : चारही रंगांत अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत २८, आणि दोन सत्त्या, बहुधा इस्पिक नि बदाम. प्रत्येकाला दहा. एकानं पाच, दुसऱ्यानं तीन, तिसऱ्यानं दोन हात करायचे, आणि हे आकडे डावागणिक फिरतात.

समजा पाचवाल्या आप्पांनी सात केले, तीनवाल्या मामांनी दोन, दोनवाल्या अक्कांनी एक. आप्पांचे दोन जास्त, बाकी दोघांचा एकेक कमी. पुढच्या डावात पानं वाटून झाली की आप्पा मामांच्या हातातून न बघता एक पान ओढतात आणि त्याबदल्यात स्वतःला नको असलेलं एक पान देतात. तेच अक्कांशी. ओढताना हुकमाचा एक्का निघाला तर आधीच्या डावातल्या एका हाताची किंमत कळते. ओढणं हुकूम सांगायच्या आधी की नंतर, यावर घरोघरी वेगळं चालतं. बसायच्या आधी विचारून घ्या.

११. जजमेंटमध्ये मोठा हुकूम असून लोक तो का लपवतात?

कारण तिथं सांगितले तितकेच हात व्हावे लागतात. प्रचलित मोजणीत दोन सांगून दोन केले तर १२ गुण, म्हणजे १० आणि सांगितलेला आकडा. दोन सांगून तीन केले तर शून्य. शून्य सांगून शून्य केलेत तर १०. म्हणून जादा हात टाळण्यासाठी रंग तुटल्यावर हुकूम न मारता दुसरं पान फेकणं हाही डाव असतो (प्रश्न ३). मात्र हातात फक्त हुकूमच उरले असतील तर सुटका नाही. तेव्हा छोटे हुकूम आधीच कुणाच्या तरी मोठ्या हुकमाखाली घालवून ठेवलेले बरे.

१२. रंग असून कुणी हुकूम मारला तर काय करायचं?

ही चोरी, जाणूनबुजून असो वा झोपेत. जुन्या व्हिस्टमध्ये दोषी बाजूला तीन गुणांचा फटका बसायचा. मेंढीकोटात आमच्याकडे बहुधा डावच जातो. चोरी सिद्ध करायची तर प्रत्येक हात वेगळा, आडवा-उभा रचून ठेवा. सगळी पानं एका ढिगात गेली की कुणी कुठल्या हातात काय टाकलं यावर फक्त आवाज चढतो. पुढचा हात सुरू व्हायच्या आत चुकलेलं पान परत घेऊ द्यावं, त्यानंतर नाही.

१३. बंद हुकूम उघडण्याआधीच त्याच हातात कुणी तो रंग फेकला असेल तर?

हा सगळ्यात जास्त भांडणाचा प्रश्न. मामांकडे बदाम नव्हते, हुकूम उघडायला न सांगता त्यांनी इस्पिक राणी फेकली. मग काकूंनी उघडायला सांगितला, तर निघाला इस्पिक, आणि काकूंनी इस्पिक सत्ती मारली. राणी मोठी की सत्ती? काही घरांत उघडल्यानंतर पडलेलाच हुकूम धरतात, मग हात सत्तीचा. काही घरांत एकदा उघडला की त्या हातातली चारही पानं नव्यानं बघतात, मग राणीचा. मला पहिली रीत पटते, कारण मामांनी राणी टाकली तेव्हा ते आंधळेपणानं फेकत होते. तसंच उघडायला सांगणाऱ्यानं हुकूम असेल तर तो टाकलाच पाहिजे, असंही बहुतेक ठिकाणी धरतात. नाहीतर नुसतं बघण्यासाठी उघडवणारे निघतात.

१४. कन्नड बोलणारे पाहुणे बसले की रंगांच्या नावांत गोंधळ होतो.

बदामाला ते आटीन म्हणतील, किलवरला कळावर, आणि हुकमाला तुरुप. इस्पीट म्हणजे कधी इस्पिक रंग, कधी अख्खा पत्त्यांचा खेळच. हुकूम सांगताना त्या रंगाचं एक पान दाखवून मधे ठेवा, वाद मिटतो.

१५. सहा जण, दोन कॅट. दोन सारखीच पानं पडली तर कोण जिंकलं?

दोन हुकमाचे एक्के एकाच हातात पडले तर काही जण पहिला धरतात, काही जण दुसरा. पहिला धरलात तर आधी खेळणाऱ्याला बळ, दुसरा धरलात तर शेवटी बसणाऱ्याला. दोन्ही चालतं, पण दोन कॅट एकत्र पिसायला घ्यायच्या आधी ते मोठ्यानं सांगून टाका. तेरा हुकमांचा हिशेबही इथं बदलतो, तेव्हा वाटलेल्या पानांत हुकूम एकूण किती ते आधी बघा आणि प्रश्न ५ मधली मोजणी त्या आकड्यानं करा.